त्रास नाही, तरी गोळी

(दृश्य : मारुतीच्या देवळासमोरचा मंडप, संध्याकाळ. सतरंजीवर माणसं, स्टुलावर बीपीचं मशीन.)

तासगाव तालुक्यातलं हे एक गाव. गडीमाणसं डेअरीला दूध घालून आलीत, बाया भाकऱ्या उरकून आल्यात. मी इथल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी आहे. आज मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचंय, कारण तो मला आठवड्यातून चारदा तरी ऐकायला मिळतो. "मॅडम, मला काहीच होत नाही. बीपी पण नॉर्मल आलंय. मग आता गोळी कशाला?"

विचारणाऱ्याचं चुकत नाही. ताप उतरला की आपण गोळी थांबवतो, जखम भरली की पट्टी सोडतो. आजवर औषधाचा हाच हिशेब आपण बघत आलोय. बीपीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तो मी तुम्हाला एका माणसाच्या अनुभवातून सांगते. ते इथंच बसलेत. सांगायला त्यांची परवानगी आहे, फक्त नाव नको म्हणालेत. आपण त्यांना अण्णा म्हणू.

(दृश्य : फक्त हात. बोटांना द्राक्षाच्या काडीचे जुने ओरखडे.)

अण्णांचं वय 56, दीड एकर बाग, दोन म्हशी. ते उपकेंद्रात आले होते ते सुनेला तपासणीसाठी घेऊन. बसलेच आहेत तर मोजू म्हणून मी पट्टा बांधला. वरचा आकडा 172, खालचा 104. मला वाटलं मोजण्यात गडबड असेल. ते उन्हातून चालत आले होते, येताना चहा घेतलेला, तोंडात तंबाखू. सुरुवातीच्या काळात मी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधायचे, माणूस बोलत असतानाच बटण दाबायचे, आणि काही जणांना उगाच घाबरवून सोडलं होतं. ती चूक पुन्हा नको होती.

म्हणून अण्णांना चूळ भरायला लावली, लघवीला जाऊन यायला सांगितलं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ दिला. मग पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसवलं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. बाही वर, पट्टा उघड्या दंडावर. तरी 168 आणि 102 आलं. आठवड्याने पुन्हा बोलावलं तेव्हा 166 आणि 100. दोन वेगळ्या दिवशी, नीट मोजून, वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 या रेषेच्या वर राहिला की आम्ही त्याला उच्च रक्तदाब म्हणतो. एकदाच मोजून सहसा नाही म्हणत.

अण्णा म्हणाले, "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. परवाच औषधाचा पंप पाठीवर घेऊन अख्खी बाग मारली."

आणि ते खरंच होतं.

(दृश्य : बागेच्या कडेचं ठिबकचं फिल्टर युनिट. गेजचा काटा जवळून.)

हा काटा तुम्ही रोज बघता. दाब फार चढला की तुम्ही व्हॉल्व्ह फिरवता. लॅटरल फुटेपर्यंत कुणी थांबत नाही, कारण फुटायच्या आधी नळी ओरडत नाही. ती बाहेरून तशीच दिसते. आपल्या रक्तवाहिन्यांचंही तेच आहे. त्यांच्या भिंतीवर दाब वाढला म्हणून त्या दुखत नाहीत. शिवाय मानेतल्या मोठ्या धमनीत शरीराचा स्वतःचा एक काटा असतो. दाब कितीतरी महिने चढाच राहिला की तो काटा त्या चढ्या दाबालाच नेहमीचा दाब समजायला लागतो. म्हणून 170 वरही माणसाला बरं वाटतं. बरं वाटतंय हे खोटं नाही, पण त्यावरून आतला दाब कळत नाही.

आत काय चाललेलं असतं? दर ठोक्याला जास्त जोर लावून हृदयाची भिंत जाड होत जाते. किडनीतल्या बारीक जाळ्या खराब होतात. मेंदूतल्या बारीक वाहिन्या कडक आणि कमकुवत होतात, आणि त्यातली एखादी तुंबली किंवा फुटली की आपण म्हणतो, लकवा मारला. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर अंगारा लावत बसू नका, तेल चोळत बसू नका. 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. गावातून मिरज-सांगली गाठण्यातच त्यातला किती वेळ जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अण्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अम्लोडिपिन 5 ची गोळी दिली. महिन्याने 148 आणि 92. उतरलं होतं, पण पुरेसं नव्हतं, म्हणून टेल्मिसार्टन 40 जोडली. आणखी दोन महिन्यांनी 130 आणि 82. मी खूश, अण्णा खूश.

मग ऑक्टोबरची छाटणी आली.

छाटणीच्या दिवसांत अण्णा पहाटेच बागेत जायचे. गोळी ठेवलेली देवळीत, नाश्त्यानंतर घ्यायची, आणि नाश्ता तर बागेत. दोन दिवस चुकली. तिसऱ्या दिवशी तासगावात बागेची औषधं आणायला गेले असताना त्यांनी बीपी मोजून घेतलं. 134. अण्णांनी मनाशी ठरवलं, गोळीवाचूनही नॉर्मल आहे, म्हणजे आजार गेला.

बहुतेक माणसं इथंच फसतात. अम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. तिसऱ्या दिवशीचा तो 134 आकडा अण्णांच्या तब्येतीचा नव्हता, आधी घेतलेल्या गोळ्यांचा उरलेला असर होता. तो आठवडाभरात ओसरतो आणि दाब हळूहळू जुन्या जागी येतो. तेही न दुखता. अठराव्या दिवशी आशाताई घरी गेल्या, त्यांनी मोजलं तेव्हा 164 आणि 98. त्या दिवशीही अण्णांना काहीच होत नव्हतं.

अण्णांनी मला विचारलं, "मग गोळीची सवय लागली म्हणायची का?" नाही. सवय लागली असती तर गोळी बंद केल्यावर जीव कासावीस झाला असता. ही गोळी वाहिन्या सैल ठेवते, एवढंच तिचं काम. दाब चढवणारं कारण, म्हणजे वयानं कडक झालेल्या वाहिन्या, किडनीचा मीठ धरून ठेवण्याचा कल, ते आत तसंच असतं. गोळी आहे तोवर 130, नाही तर 165. आणि एक सांगते, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडीन चालू असेल तर मनाने एकदम बंद करणं जास्त धोक्याचं. त्यात दाब किंवा ठोके एकदम उसळू शकतात.

"गोळ्यांनी किडनी जाते" हे वाक्यही मंडपात कुणीतरी म्हणतंच. यामागे बऱ्याचदा पाय सुजलेले असतात. अम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, हे खरं आहे. ती सूज बहुतेक वेळा किडनीची नसते, गोळीने पायातल्या बारीक वाहिन्या सैल पडून पाणी झिरपलेलं असतं. सूज आली तर येऊन दाखवा, आम्ही तपासू. डॉक्टर गोळी कमी करतील किंवा बदलतील. पण घरीच बंद करू नका, कारण किडनी बिघडवतो तो चढा दाब.

(दृश्य : अण्णांचं स्वयंपाकघर. मिठाच्या पुड्यावर पेनाने लिहिलेली तारीख.)

आता मीठ. "आम्ही बेतानंच खातो" असं प्रत्येक घर सांगतं, म्हणून मी विचारणं सोडलं आणि वहिनींना म्हटलं, पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख घाला. एक किलोचा पुडा 20 दिवसांत संपला. खाणारी माणसं पाच. म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम, माणशी 10. आणि माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. तो पुडा या घराला 40 दिवस पुरायला पाहिजे होता. शिवाय उन्हाळ्यात घातलेलं लोणचं, पापड आणि स्टँडवरचा वडापाव या हिशेबात आलेलेच नाहीत.

मीठ वाढलं की किडनी त्याच्याबरोबर पाणीही धरून ठेवते. नळ्या त्याच, पाणी जास्त. दाब चढणारच. सैंधव घेतलं तरी तेच, कारण तेही मीठच आहे. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, अळणी आमटी घशाखाली कशी उतरायची?" आजी, एकदम अळणी करूच नका. वहिनींनी काय केलं ते सांगते. आमटी-भाजीतलं मीठ दर आठवड्याला थोडंथोडं कमी केलं, लिंबू आणि कोकम वाढवलं. खरडा ठेवला, पण त्यात मीठ निम्मं आणि लसूण जास्त. ताटातली मिठाची चिमूट आणि ताकातलं मीठ बंद. लोणचं रोजच्याऐवजी रविवारी. पहिले पंधरा दिवस घरात कुरबुर झाली. महिन्याभरात जिभेला सवय लागली, आणि आता लग्नातली आमटी अण्णांनाच खारट लागते. दुसरा पुडा 27 दिवस गेला, तिसरा 34.

तरीही खोटी आशा लावणार नाही. मीठ एवढं कमी केल्यावर बीपीवाल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी पाचेकानं उतरतो. 166 चा 130 त्याने होत नाही. मीठ कमी केल्याने गोळीला हात मिळतो. वजन उतरलं, मीठ सुटलं आणि दाब कितीतरी महिने खाली राहिला, तर डॉक्टर कधीकधी डोस कमी करतातही. तो निर्णय मोजून, तपासून होतो. आणि जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं, किंवा उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तर त्याच दिवशी येऊन मोजून घ्या. अशा वेळी गोळीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

राहता राहिला छाटणीचा प्रश्न. अण्णा गोळी विसरत नव्हते, गोळीची वेळच त्यांच्या दिवसात बसत नव्हती. डॉक्टरांना विचारून आम्ही दोन्ही गोळ्या संध्याकाळी नेल्या. या गोळ्या कुठल्याही वेळी चालतात, फक्त रोज त्याच वेळी हव्यात. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या एकदम घ्यायच्या नाहीत.

(दृश्य : अण्णांच्या घराची ओसरी. बाहेर अंधार पडतोय.)

म्हशीचं दूध मात्र अण्णांनी आजवर एक दिवस चुकवलेलं नाही. म्हणून गोळ्यांची पट्टी आता डेअरीच्या कार्डाबरोबर एकाच डब्यात असते. संध्याकाळी दूध घालून येतात, रिकामी किटली पालथी घालतात, कार्ड ठेवायला डबा उघडतात. नात पाण्याचा तांब्या घेऊन उभीच असते.