तिरकं मेल आणि आपलं ‘री’

आपल्या बेळगावात कन्नड न येणारा माणूससुद्धा एक अक्षर लवकर शिकतो. ‘री’. नुसतं ‘बा’ म्हटलं तर पोराला हाक मारल्यासारखं होतं, ‘बर्री’ म्हटलं की समोरचा मान मिळाला म्हणून आत येऊन बसतो. मराठीत तेच काम ‘ये’ आणि ‘या’ करतात. मान आपण क्रियापदातच बांधून टाकतो, वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत ही सोयच नाही. तिथं ‘सेंड’ म्हणजे ‘पाठव’ही आणि ‘पाठवा’ही. आपण इंग्रजी मेल वाचतो आणि मनातल्या मनात त्याचं मराठी करतो. ज्या दिवशी डोकं तापलेलं असतं, त्या दिवशी ते ‘पाठव’ होतं. गंमत म्हणजे लिहिणारा जर्मन असेल, तर त्याच्याही भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. तो मनात ‘तुम्ही’च म्हणत असतो. त्याचा मान इंग्रजीत येता येता गळतो.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघत होतो. आमचा एक जोडकारखाना जर्मनीत होता. हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेआठ वाजता, म्हणजे तिकडे दुपारचे चार, आमच्या तरुण इंजिनिअरला तिथल्या सहकाऱ्याचं मेल आलं. वर नाव नाही, खाली नमस्कार नाही. मजकूर एवढाच: ‘पोझिशन फोर्टीन नॉट ओके. धिस वॉज क्लिअर इन द ड्रॉइंग. प्लीज एक्स्प्लेन! न्यू रिपोर्ट टिल वेन्सडे.’

पोरगा लालेलाल. मला म्हणाला, “सर, ह्यो माणूस माझी अक्कल काढूलालाय बघा.” पोरगा खानापूरकडचा, रागावला की घरची बोली बाहेर पडायची. उत्तर त्यानं लिहूनच ठेवलं होतं, आठ ओळींचं. निम्मी माफी, निम्मे टोमणे आणि शेवटी ‘ॲज ऑलरेडी इन्फॉर्म्ड टू यू’. मी म्हटलं, राहू दे, पण पाठवायच्या रकान्यातला पत्ता आधी पूस. पत्ता नसला की चुकून बटण दाबलं तरी मेल जात नाही. ही सवय मी आयुष्यभर पाळली आणि तिनं मला दोनदा तरी वाचवलं.

मग त्याला त्या माणसाची जुनी मेलं काढायला लावली. शेवटची दहा. ‘अराइव्ह्ड, थँक्स.’ ‘ओके.’ ‘बोअर डेप्थ राँग, प्लीज चेक!’ ‘ओके, गुड.’ आम्ही नमुने वेळेआधी पाठवले तेव्हाही ‘ओके, गुड’ यापलीकडे त्याची गाडी गेली नव्हती. म्हणजे आनंदातही हा माणूस चार शब्दांचाच. मग रागाचं माप चार शब्दांवरून कसं काढणार? माप काढायचं ते त्याच्या रोजच्या वागण्याशी लावून. आपल्या रोजच्या वागण्याशी नव्हे. सीसीमध्येही तीच दोन नावं होती, जी नेहमी असायची.

आता त्या मेलातले काटे एकेक बघू. ‘प्लीज एक्स्प्लेन!’ आपल्या ऑफिसांत एक्स्प्लनेशन मागणं म्हणजे मेमो. कारणे दाखवा. त्यामुळे हा शब्द आपल्याला आधीच टोचतो. त्याला फक्त ‘असं का झालं ते सांगा’ म्हणायचं होतं. आणि ते उद्गारचिन्ह? जर्मनमध्ये आज्ञार्थी वाक्याच्या शेवटी ते सर्रास लावतात, ‘कृपया दार लावा’च्या पाटीवरसुद्धा. तो ओरडत नव्हता. अधूनमधून एखादा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू झालेला दिसतो, तोही जोर देण्यासाठी नसतो. जर्मनमध्ये सगळी नामं मोठ्या अक्षरानंच लिहितात, हाताला तीच सवय. ‘टिल वेन्सडे’ म्हणजे बुधवारपर्यंत हवं. त्यांचा ‘बिस’ हा शब्द ‘पर्यंत’साठी चालतो, त्याचं इंग्रजी ते ‘टिल’ करतात. ‘यू मस्ट नॉट सेंड सॅम्पल्स’ असं आलं तर जास्त जपा. जर्मन वळणानं त्याचा अर्थ ‘नमुने पाठवायची गरज नाही’ असा असू शकतो, आणि आपण बंदी समजून बसतो. तिथं विचारून घेणंच बरं.

राहिलं ते एक वाक्य, ‘धिस वॉज क्लिअर इन द ड्रॉइंग’. हे खरंच खुपणारं आहे, नाही म्हणणार नाही. पण त्यात एक तपासता येण्यासारखी गोष्ट होती. ड्रॉइंगमध्ये होतं की नाही? आम्ही कागद उघडला. चौदा नंबरला बत्तीस मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक, सूट अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर. आमचं माप ३२.०४. आमच्या कागदाप्रमाणे बरोबर! मग तो कुठला कागद बघत होता? कोपऱ्यातली रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची कितवी आवृत्ती ते, बघितली. आमच्याकडे बी. त्याच्याकडे सी असणार, आणि सीमध्ये बोअर एच सेव्हन, म्हणजे जास्त कडक मापाचा, केला असेल तर वरची हद्द ३२.०२५. मग आमचा ३२.०४ बाद.

उत्तर गेलं ते असं, त्याच्याच मापाचं: पोझिशन चौदा, मोजलेलं ३२.०४. आम्ही रिव्हिजन बी वापरली, कागद जोडला आहे. तुम्ही सी बघताय का? असल्यास पाठवा, नवा रिपोर्ट बुधवारी देतो. माफी नाही, कारण चूक कुणाची हे अजून ठरलंच नव्हतं. आधीच माफी मागितली की तिकडे ती कबुली म्हणून वाचली जाते. सकाळी उत्तर हजर: ‘यू आर राइट. माय मिस्टेक. रेव्ह सी अटॅच्ड.’ पोरगा म्हणाला, “माफीसुद्धा दोन शब्दांत!”

आता तुम्ही म्हणाल, पहिल्यांदाच मेल करणारा माणूस असेल तर दहा जुनी मेलं आणायची कुठून? नाही मिळणार. तिथं बोट कुठं रोखलंय एवढंच बघता येतं. ‘रिपोर्ट चुकला’ हे वस्तूबद्दल आहे. ‘तुम्ही लोक नेहमी असंच करता’ हे माणसांबद्दल आहे, त्याला उत्तर देता येईल असा प्रश्नच त्यात नाही. असं आलं तर तो उद्धट आहे असं खुशाल समजा. मात्र शब्द न टाकता गेलेलं एकटं प्रश्नचिन्ह दिसलं तर मलाही अजून ठरवता येत नाही. फोनवरून जिना उतरता उतरता पाठवलेलंही असू शकतं.

त्याच माणसाचं खरं रागाचं मेल पुढच्या वर्षी आलं. पोरगा धावत आला, “सर, आज किती चांगलं लिहिलंय बघा की!” वर ‘डिअर मिस्टर’ आणि पुढं पूर्ण आडनाव. तीन परिच्छेद. एकही व्याकरणाची चूक नाही. तीन तारखा दिल्या होत्या, त्या त्या दिवशी त्यानं काय विचारलं होतं आणि ‘उत्तर मिळालं नाही’ हे तिन्हीपुढं. शेवटी आभार. आणि सीसीमध्ये त्याचा साहेब आणि आमचा साहेब, दोघंही पहिल्यांदाच.

माझ्या पोटात गोळा आला. तारखा पडताळल्या, तिन्ही खऱ्या होत्या. आम्ही मेल लिहीत बसलो नाही, तिकडचे आठ वाजायची वाट बघितली आणि फोन लावला.