कॉलर गळ्याला कमी का पडते? टेप उभी धरा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच रडगाण्याच्या: "ताई, कॉलर गळ्याला पुरत नाही." एकीने तर उपायही सांगितलाय, गळा जरा अजून कापा म्हणे! अहो, गळा कापला की तो आणखी लांब होतो. कॉलर आणखी कमी पडणार.

तर कागद, पेन्सिल, टेप घ्या. पाठ आणि पुढा खांद्याच्या शिलाईवर जुळवून ठेवा. आता गळा मोजायचा, पण कापलेल्या कडेवर नाही. पाव इंच दाब सोडलाय ना? शिलाई जिथे बसणार, ती रेघ आखा आणि तिच्यावर मोजा. टेप आडवी पसरू नका, कडेवर उभी धरा, म्हणजे ती गोलाईबरोबर वळते.

पाव इंचाने काय होतंय, असं वाटेल. हा माझ्यासमोरचा अर्धा गळा बघा. कापलेल्या कडेवर जेमतेम साडेसात भरतोय. शिलाईच्या रेघेवर मागचा सव्वातीन, पुढचा मध्यरेषेपर्यंत पावणेपाच, म्हणजे आठ. अर्ध्या गळ्यातच अर्धा इंच गेला, पूर्ण गळ्यात एक! मग तो इंच तुम्ही मशीनवर गळा चुरगळून बसवता आणि पुढे चुण्या पडतात.

आणि कापड कापून झाल्यावर गळा मोजणाऱ्यांनो, गळ्याची कड तिरकस असते, हातात ताणते. म्हणून कागदावरच मोजा. "छातीवरून कॉलरचा फॉर्म्युला द्या" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. गळा तुम्ही किती खोल काढलाय, ते छातीला काय माहीत?

आता स्टँड, म्हणजे गळ्याला लागणारी कॉलरची उभी पट्टी. मागच्या मध्यापासून सरळ रेघ, पुढच्या टोकाला अर्धा इंच वर उचलून गोलाई द्या. याच गोलाईवर उभ्या टेपने आठ मोजून मध्यरेषेची खूण करा. सव्वातीनवर खांद्याचा कट द्या. खुणेच्या पुढे अर्धा इंच बटणासाठी. उंची मागे सव्वा, पुढे एक. हे सगळं शिलाईच्या रेघांचं माप, दाब नंतर बाहेर सोडायचा.

खरी गंमत पुढे आहे. वरची कॉलर गळ्याला नाही, स्टँडच्या वरच्या कडेला लागते. स्टँड वर वळलेला असल्यामुळे ती कड खालच्यापेक्षा लहान असते. मोजा बरं, मध्यापासून मध्यरेषेपर्यंत... पावणेआठ! आठची कॉलर कापली, तर तो पाव इंच जायचा कुठे? एकतर टोकं मध्यरेषेपुढे एकमेकांवर चढतात, नाहीतर मागे फुगा येतो. म्हणून कॉलरची खालची कड पावणेआठ, बटणाचा अर्धा इंच तिला लागतच नाही. मागची उंची पावणेदोन ठेवा, नाहीतर स्टँडची शिलाई मागून डोकावते.

कापण्याआधी कागदाचा स्टँड गळ्याच्या रेघेवर उभा करून चालवा. खांद्याचा कट खांद्यावर आला, की कापडाला कात्री लावा.