हौद-टाकीत मावतं चार हजार, बिलात आलं किती?

मंडळी, नमस्कार. बिलाविषयी बोलायला मला बोलावलंय, पण मी सुरुवात हौदापासून करणार आहे. सोलापुरात पाण्याचा हिशेब हौदावरच होतो. उजनीतून शंभराहून जास्त किलोमीटर पाणी येतं, आणि आपल्या नळाला ते रोज येत नाही. आलं की भरून ठेवायचं, पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. आपल्या मायभगिनींना बादलीचं माप तोंडपाठ असतं, पण तेच माप बिलाला लावून बघावं, असं मलासुद्धा तीन वर्षांपूर्वीपर्यंत सुचलं नव्हतं.

ज्यांच्या नळाला मीटर नाही, त्यांना नळाच्या जाडीप्रमाणे ठोक पाणीपट्टी लागते, त्यांचा प्रश्न वेगळा. मी मीटरवाल्यांचं सांगतोय. मीटरच्या तबकडीवर काळे आणि लाल आकडे असतात. काळे आकडे म्हणजे हजार लिटरची युनिटं, बिल त्यांच्यावर निघतं. लाल आकडे हजाराच्या आतले लिटर दाखवतात. शेजारी एक छोटी चांदणीसारखी चक्री असते. थेंबभर पाणी गेलं तरी ती हलते.

तर माझं बिल. दोन महिन्यांचं. मागचं रीडिंग ४१२, चालू ४९७. म्हणजे ८५ युनिटं, ८५ हजार लिटर. घरात आम्ही पाच माणसं. मी तडक कार्यालयात निघालो होतो, पण सूनबाई म्हणाली, "बाबा, आधी हौद मोजा." हौद तीन हजार लिटरचा, गच्चीवरची टाकी एक हजाराची. त्या काळात आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी पाणी यायचं, म्हणजे साठ दिवसांत पंधरा पाळ्या. प्रत्येक पाळीला हौद आणि टाकी दोन्ही कोरडी ठणठणीत असली, तरी पंधरा गुणिले चार हजार, साठ हजार झाले. मग उरलेलं पंचवीस हजार लिटर मी ठेवलं कुठे? साठवायला जागाच नाही!

पुढच्या पाळीला रात्री अडीच वाजता मी बॅटरी घेऊन मीटरपाशी उकिडवा बसलो. आधी नळातून फुस्स, फुस्स आवाज आला. हौदात थेंब नाही, पण चक्री भिंगरीसारखी फिरतेय! रिकाम्या वाहिनीतली हवा पाण्याच्या रेट्याने बाहेर पडत होती आणि मीटर तिलाच पाणी समजत होतं. पाणी पडायला लागलं तेव्हा लाल आकडे चारशेने पुढे गेले होते. चार पाळ्या बघितलं, दर वेळी जवळपास तेवढंच. (नळाला थेट मोटर लावणाऱ्यांनी ऐकून ठेवा, मोटर वाहिनीतली हवासुद्धा ओढते.)

पण पंधरा पाळ्यांचे चारशेप्रमाणे झाले सहा हजार. बाकीचं? हौद भरला तरी चक्री थांबेना. हौदातल्या फ्लोट व्हॉल्व्हचा वायसर झिजला होता, आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात होतं. रात्रीच्या अंधारात कोण बघणार? मीटरच्या पुढची गळती आपली असते. ते पैसे मी भरले. भांडलो फक्त हवेच्या युनिटांसाठी.

वेळ संपत आली म्हणतात, म्हणून भांडायचं कसं ते पटापट सांगतो. बिलावर रीडिंगजवळ "सरासरी" असं लिहिलंय का ते पाहा. घराला कुलूप होतं म्हणून आधीची बिलं अंदाजाने काढली असतील, तर खऱ्या रीडिंगच्या वेळी सगळा फरक एकदम अंगावर येतो. वापर वाढला की दर चढत असेल, तर तो फरक मागच्या महिन्यांमध्ये वाटून आकारावा, असा अर्ज करा. मग स्वतः मीटर वाचा. बिलातला आकडा मीटरपेक्षा पुढे असेल तर वाचण्यात चूक आहे. त्याच दिवशी तबकडीचा फोटो काढा. सगळे नळ बंद करून चक्री पाहा, फिरली तर गळती. मापाच्या बादलीने शंभर लिटर भरा. लाल आकडे एकशेवीसने सरकले तर मीटर तपासणीची मागणी लेखी करा.

अर्जात "बिल खूप आलंय" असं लिहून भागत नाही. दोन्ही रीडिंगं, दिवस, पाळ्या, हौदाचं माप, फोटो, गेल्या वर्षीच्या याच महिन्यांची युनिटं, हे सगळं लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. निकाल लागेपर्यंत नेहमीच्या वापराएवढी रक्कम "हरकत राखून" भरून घेण्याची विनंती त्याच अर्जात करा, नाहीतर सगळीच रक्कम थकबाकीत दिसते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्या मीटरच्या रीडिंग नोंदींची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कोणत्या तारखेला कोणी काय वाचलं, ते त्यात दिसतं.

मीटरच्या आधी हवा काढणारा व्हॉल्व्ह बसवायला मी परवानगी मागितली आणि मिळाली. आता फुस्स आवाज तिथूनच येतो, चक्री मात्र पाणी आल्यावरच फिरते.