दाबल्यावर हवा किती तापते? डिझेल इंजिनाचा हिशोब

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे इथल्या बहुतेकांना माहितीये, आणि मग डिझेल पेटतं कसं असं विचारलं की उत्तर येतं, हवा दाबली की गरम होते. बरोबर आहे. पण किती गरम? शंभर अंश, पाचशे, हजार? आज आपण तेवढंच काढणार आहोत, आणि ती हवा दाबायला काम किती लागतं तेही.

शेतावर पाण्याच्या पंपाला असतं तसलं एका सिलिंडरचं इंजिन घेऊ. पिस्टन सगळ्यात खाली असताना आत अर्धा लिटर हवा आहे, दाब १ बार, तापमान २७ सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. पिस्टन वर गेला की तीच हवा अठराव्या भागात कोंबली जाते, जेमतेम २८ घन सेंटीमीटर उरतात. कॉम्प्रेशन रेशो १८, डिझेलला हा आकडा नेहमीचाच.

आता अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे काय, तर बाहेर उष्णता जात नाही आणि आत येत नाही. मग पिस्टनने जे काम केलं ते जाणार कुठे? सगळं हवेच्या आंतरिक ऊर्जेत जमा. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते, म्हणून एका छोट्या ढकलण्यासाठी असं लिहायचं:

n·Cv·dT = −P·dV

P च्या जागी nRT/V टाका, T एका बाजूला V दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे Cv·dT/T = −R·dV/V होतं. R म्हणजे Cp वजा Cv, आणि Cp भागिले Cv हा आपला γ, म्हणून R/Cv म्हणजे γ−1. दोन्हीकडे इंटिग्रेट केलं की हातात येतं:

T2 = T1 × (V1/V2)^(γ−1)

इथे P ऐवजी nRT/V टाकलं ना, तिथेच रिव्हर्सिबल हा शब्द गुपचूप वापरला गेला. म्हणजे पिस्टनवरचा दाब आणि आतल्या वायूचा दाब प्रत्येक क्षणी एकच आहे असं आपण मानलं. ते नसेल तर हे सूत्र लागू नाही, आणि परीक्षेत अचानक दाबलेल्या वायूच्या गणितातही मुलं हेच सूत्र ठोकून देतात.

हवेसाठी γ १.४, म्हणजे घातांक ०.४. अठराचा ०.४ घात ३.१८ येतो. तीनशे गुणिले ३.१८ म्हणजे ९५३ केल्विन, ६८० सेल्सिअस! दाबासाठी PV^γ स्थिर राहतं, अठराचा १.४ घात साधारण ५७, म्हणजे ५७ बार.

चुका ठरलेल्या आहेत. घातांकात γ−1 च्या जागी नुसता γ लिहिला तर तापमान १७ हजार केल्विन येतं, सूर्याचा पृष्ठभाग ५८०० च्या आसपास असतो, तेव्हा थांबून बघायला हवं. आणि केल्विन न करता २७ लाच ३.१८ ने गुणलं तर ८६ सेल्सिअस, त्यावर चहासुद्धा उकळत नाही, डिझेल काय पेटणार. ही दुसरी चूक जास्त वाईट कारण उत्तर दिसायला सभ्य दिसतं.

आता काम. इथे लोक उगाच P dV चं इंटिग्रेशन करत बसतात. उष्णता शून्य आहे, म्हणजे काम हाच ऊर्जेतला फरक, W = n·Cv·(T2−T1), संपलं. मोल मोजायचे नसतील तर हेच दुसऱ्या रूपात लिहा:

W = (P2·V2 − P1·V1)/(γ−1)

सुरुवातीचा P1V1 म्हणजे १ लाख पास्कल गुणिले अर्धा लिटर, ५० ज्यूल. शेवटचा PV तापमानाच्या प्रमाणात वाढतो म्हणून ३.१८ पट, १५९. फरक १०९, भागिले ०.४, झाले २७२ ज्यूल. हीच हवा सावकाश, तापमान ३०० वरच ठेवून दाबली असती तर १४५ ज्यूलमध्ये भागलं असतं. अ‍ॅडियाबॅटिकमध्ये जास्त का लागतं, तर हवा तापत जाते, तापल्यामुळे दाब अजून वाढतो आणि पिस्टनला त्या वाढलेल्या दाबाशी झगडावं लागतं.

मग कोणीतरी विचारतंच, सर रिव्हर्सिबल म्हणजे सावकाश आणि अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे झटपट, दोन्ही एकदम कसं? प्रश्न रास्त आहे. इंजिन १५०० आरपीएमवर चालू असेल तर पिस्टनला खालून वर जायला २० मिलिसेकंद लागतात, ११ सेंटीमीटरचा स्ट्रोक धरला तर सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर. आतल्या हवेत दाबाची बातमी आवाजाच्या वेगाने पसरते, सेकंदाला साधारण ३५० मीटर, म्हणजे पिस्टन तिच्यापुढे अगदीच गोगलगाय, आतला दाब सगळीकडे सारखा राहतो. पण उष्णता हवेतून सिलिंडरच्या भिंतीत जायला २० मिलिसेकंद फार कमी पडतात. दोन घड्याळं वेगळी आहेत, आपला स्ट्रोक त्यांच्या मधे बसतो.

एक गोष्ट मात्र मी मघाशी सोडून दिली होती. γ १.४ हा गार हवेचा आकडा. तापमान वाढलं की नायट्रोजन ऑक्सिजनचे रेणू आतल्या आत कंप पावायला लागतात, Cv वाढते, γ घसरतो, हजार केल्विनच्या आसपास तो १.३४ पर्यंत येतो. हे धरून हवेच्या तक्त्यावरून काढलं तर शेवटचं तापमान ९५३ नाही, साधारण ९०० केल्विन येतं. गंमत अशी की काम फारसं बदलत नाही, २७२ चं २६७ होतं, कारण तापमान कमी चढलं पण प्रत्येक अंशाला ऊर्जा जास्त लागली. म्हणजे स्थिर γ ने काढलेल्या कामावर बिनधास्त भरवसा ठेवा, तापमान मात्र पन्नासेक अंश फुगलेलं आहे असं समजा.

आणि थंडीत हँडल मारून इंजिन चालू करणाऱ्याला विचारा हे सूत्र कुठे गंडतं. हाताने फिरवताना स्ट्रोकला २० ऐवजी दोनशे-तीनशे मिलिसेकंद लागतात, भिंती गार, उष्णतेला पळायला भरपूर वेळ. अशा वेळी घातांकातल्या γ ऐवजी अंदाजाने १.३ धरतात. पहाटे ५ सेल्सिअस, म्हणजे २७८ केल्विनपासून सुरू करा, अठराचा ०.३ घात २.३८, उत्तर ६६२ केल्विन, म्हणजे ३८९ सेल्सिअस. उष्णता अजिबात गेली नसती तर γ १.४ च्या हिशोबाने ६१० झाले असते, दोनशेवीस अंश भिंतीत गेले. वरून रिंगा झिजलेल्या असतील तर हवाच गळते, तापमान अजून खाली, आणि सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा.

शिवाय ते काम हाताला जाणवतं. २७२ ज्यूल म्हणजे २८ किलोचं पोतं मीटरभर उचलणं, आणि तेही अर्ध्या फेऱ्यात. म्हणून अशा इंजिनांना डिकंप्रेशनचा खटका असतो, तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबलीच जात नाही. आधी फ्लायव्हील जोरात फिरवून घ्यायचं, वेग आला की खटका सोडायचा, मग ते अडीचशे-पावणेतीनशे ज्यूल तुमचा हात देत नाही, फ्लायव्हील देतं, आणि वेग जास्त असल्यामुळे भिंतीत जाणारी उष्णताही कमी होते.