दुसऱ्याच्या पाकिटावर आपली हळद

मंडळी, समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता समजा, एक मोठी मसाला कंपनी आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे आली आणि म्हणाली, 'आमच्या पाकिटावर तुमच्या हळदीचं नाव टाकू.' दोन ब्रँड बरोबरीनं एक वस्तू बाजारात आणतात, ते को-ब्रँडिंग. इथं आपला माल त्यांच्या मालाच्या पोटात जातोय आणि तरीही नाव वर दिसतंय. हे इन्ग्रेडियंट ब्रँडिंग.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचं. चिप कॉम्प्युटरच्या आत, गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. १९९१ मध्ये इंटेलनं कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना सांगितलं, आमचं चिन्ह जाहिरातीत दाखवा, खर्चाचा काही भाग आम्ही देतो. गिऱ्हाईक दुकानात जाऊन चिपचं नाव विचारू लागलं. आपल्यालाही हेच हवंय. व्यापारी बदलला तरी गृहिणीनं 'वायगावची आहे का?' असं विचारावं.

पण सही करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. 'वायगाव हळद' हे मानांकन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्याचा परवानाही देता येत नाही. १९९९ च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. ते नाव कुण्या एका कंपनीचं नाही. म्हणून 'हे नाव फक्त आम्हीच वापरू' असं कलम समोरच्यानं घातलं तर ते मान्य करू नका. परवाना द्यायचाच तर आपल्या कंपनीच्या स्वतःच्या ट्रेडमार्कचा द्या.

मला खरी भीती वाटते ती मिसळीची. समजा आपल्या हळदीत तिला रंग देणारं करक्युमिन सहा टक्के आहे आणि बाजारातल्या साध्या हळदीत तीन. त्यांनी वीस किलो आपली आणि ऐंशी किलो साधी दळली, तर पाकिटात उरतं ३.६ टक्के. आपल्या भरवशावर घेणारी बाई म्हणेल, 'एवढं नाव ऐकलं, पण रंग तर नेहमीचाच.' तिचा राग मसाला कंपनीवर निघणार नाही, वायगाववर निघेल. कंपनी उद्या दुसरी हळद घेईल, आपल्याला दुसरं गाव कुठून आणायचं?

हे पकडायचं कसं? प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्याच, पण त्याआधी पाकिटं मोजा. दोन हजार किलो हळकुंडं दिली, तर दळताना काहीच घट झाली नाही असं धरलं तरी दोनशे ग्रॅमची दहा हजारांवर पाकिटं निघूच शकत नाहीत. म्हणून क्रमांक टाकलेली लेबलं आपणच छापायची आणि मालासोबत मोजून द्यायची. करार संपला की उरलेली लेबलं किती दिवसांत परत यायला हवीत, तेही त्याच कागदावर आजच लिहून घ्यायचं.