तीन टेम्पो घेतले, दोन परत गेले: भाडे-खरेदीच्या हिशेबातली खरी मेख

(दादर येथे जमाखर्च लिहिणाऱ्यांसाठी झालेल्या सायंकालीन व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भाडे-खरेदीचा सरळ हिशेब तुम्हां सगळ्यांना येतो, म्हणजे रोख किंमत, डाउन पेमेंट, हप्ते आणि व्याज. त्यात फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते हप्ता थकल्यावर, आणि त्यातही विक्रेता सगळा माल न नेता थोडा नेतो आणि थोडा ठेवतो तेव्हा. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

मशीद बंदरला मालवाहतूक करणारा एक व्यावसायिक आहे असं धरा. १ एप्रिल २०२२ रोजी त्याने तीन छोटे टेम्पो भाडे-खरेदीने घेतले. एका टेम्पोची रोख किंमत ४,००,००० रुपये, म्हणजे तिन्हींची १२,००,०००. डाउन पेमेंट २,०७,००० रुपये. पुढे दर वर्षी ३१ मार्चला ३,९९,३०० रुपयांचा हप्ता, असे तीन हप्ते. व्याज दर साल दर शेकडा दहा.

हप्त्यांची बेरीज ११,९७,९००. डाउन पेमेंट मिळवलं की भाडे-खरेदी किंमत १४,०४,९०० होते. त्यातून रोख किंमत वजा केली की २,०४,९०० उरतात, आणि तेच तीन वर्षांचं एकूण व्याज. ही रक्कम आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, ताळा जुळवायला लागेल.

आता व्याजाची वाटणी. डाउन पेमेंट त्याच दिवशी दिलं, त्यावर व्याज बसत नाही. उरले ९,९३,०००. पहिल्या वर्षाचं व्याज ९९,३००. हप्ता ३,९९,३००, म्हणून मुद्दल फिटलं बरोबर ३,००,०००. बाकी ६,९३,०००. दुसऱ्या वर्षी व्याज ६९,३००, मुद्दल ३,३०,०००, बाकी ३,६३,०००. तिसऱ्या वर्षी व्याज ३६,३००, आणि खातं शून्यावर. तिन्ही व्याजांची बेरीज करा, २,०४,९०० येते.

कधी रोख किंमतच दिलेली नसते. तेव्हा शेवटच्या हप्त्यापासून मागे यायचं. शेवटच्या हप्त्यात मुद्दल शंभर आणि व्याज दहा या प्रमाणात असतं, म्हणून ३,९९,३०० ला ११० ने भागून १० ने गुणा, ३६,३०० व्याज मिळेल. उरलेल्या ३,६३,००० मध्ये त्याआधीचा हप्ता मिळवा आणि पुन्हा तेच करा. नेहमी होणारी चूक म्हणजे हप्त्याचे सरळ दहा टक्के काढणं. तसं केलं तर ३९,९३० येतात, आणि तिथून मागे जाताना रोख किंमत चुकतच जाते.

व्याजाचा दरही नसेल तर पुस्तकं सांगतात की त्या त्या वर्षी बाकी असलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात व्याज वाटा, म्हणजे इथे तीनास दोनास एक. त्याने १,०२,४५०, ६८,३०० आणि ३४,१५० येतात. खऱ्या आकड्यांच्या जवळ, पण ते नव्हेत. दर माहीत असताना ही वाटणी वापरू नका. जाता जाता एक गोष्ट: हेच व्याज कुणी ‘फ्लॅट’ दराने सांगितलं तर ९,९३,००० वर वर्षाला ६.८८ टक्केच दिसतं. ऐकायला सात टक्क्यांच्या आत, पण घटत्या बाकीवर ते दहा टक्के आहे. गिऱ्हाइकाने दर सांगितला की तो कशावर आहे हे आधी विचारा.

आता खरेदीदाराच्या वह्या. त्याने टेम्पो रोख किमतीला, म्हणजे १२,००,००० ला नोंदवले. टेम्पो खाते नावे, विक्रेत्याचे खाते जमा. मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विक्रेत्याकडेच असते, तरी गाडी वापरणारा हा आणि कमावणारा हा, म्हणून मालमत्ता त्याच्या वहीत दिसते. मोटार वाहन कायद्यातही भाडे-खरेदीच्या गाडीबाबत ‘मालक’ या शब्दात गाडी ताब्यात असलेला माणूसच धरला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घसारा रोख किमतीवर काढायचा, १४,०४,९०० वर नाही. त्यातलं व्याज हा वेगळा खर्च आहे. तो किमतीत घालून त्यावर घसारा काढला तर तोच पैसा दोनदा खर्ची पडतो. घटत्या शिलकीवर २० टक्के घसारा धरू. पहिल्या वर्षी २,४०,०००, शिल्लक ९,६०,०००. दुसऱ्या वर्षी १,९२,०००, शिल्लक ७,६८,०००. एका टेम्पोला २,५६,०००.

पहिला हप्ता वेळेवर गेला. ३१ मार्च २०२४ चा दुसरा हप्ता थकला, आणि त्याच दिवशी विक्रेत्याने दोन टेम्पो ताब्यात घेतले व एक खरेदीदाराकडे ठेवला.

पहिला प्रश्न: त्या दिवशी किती देणं होतं? इथेच सर्वांत जास्त चुका होतात. हप्ता भरला नाही म्हणून दुसऱ्या वर्षाचं व्याज लिहायचंच राहून जातं. व्याज हप्ता भरल्यामुळे लागत नाही, वर्ष सरल्यामुळे लागतं. म्हणून आधी व्याज खाते नावे, विक्रेत्याचे खाते जमा ६९,३००. आता देणं ६,९३,००० अधिक ६९,३००, म्हणजे ७,६२,३००. ही नोंद विसरलात तर पुढची बाकी नेमकी ६९,३०० ने कमी येईल. जप्ती वर्षाच्या मधे, समजा ३० सप्टेंबर २०२३ ला झाली असती, तर त्या तारखेपर्यंतचं अर्ध्या वर्षाचं व्याज ३४,६५० आणि त्याच काळाचा घसारा ९६,००० आधी लिहून मगच पुढे जायचं. तारीख ताबापावतीवरची घ्यायची, फोन आल्याची नव्हे.

दुसरा प्रश्न: दोन टेम्पो कोणत्या किमतीला परत गेले? करारात ठरलं होतं की परत घेतलेल्या गाडीची किंमत मूळ किमतीवरून वर्षाला ३० टक्के घटत्या शिलकीने लावायची. ४,००,००० चे २,८०,०००, त्याचे १,९६,०००. दोघांचे ३,९२,०००. वाक्य नीट वाचा. ‘घटत्या शिलकीने’ ऐवजी ‘मूळ किमतीवर दर वर्षी ३० टक्के’ असं असतं, तर एका टेम्पोचे १,६०,००० च आले असते. त्या दोन-तीन शब्दांवर दोन टेम्पोंमागे ७२,००० रुपये अवलंबून आहेत.

म्हणजे दोन वेगळे दर एकत्र नांदतात. २० टक्के खरेदीदाराच्या वहीचा आणि ३० टक्के विक्रेत्याच्या मूल्यांकनाचा. ३० टक्क्यांचा दर फक्त परत गेलेल्या दोन गाड्यांना, आणि तोही फक्त विक्रेत्याच्या खात्यावर लिहायची रक्कम काढण्यापुरता. राहिलेल्या टेम्पोला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तो २,५६,००० लाच राहतो.

नोंद अशी: विक्रेत्याचे खाते नावे ३,९२,०००, टेम्पो खाते जमा ३,९२,०००. खरेदीदाराच्या वहीत त्या दोन गाड्यांची किंमत ५,१२,००० होती. फरक १,२०,००० हा तोटा: नफा-तोटा खाते नावे, टेम्पो खाते जमा. आता टेम्पो खातं पाहा. ७,६८,००० मधून ३,९२,००० आणि १,२०,००० गेले, उरले २,५६,०००. हा आकडा एका टेम्पोच्या किमतीशी जुळायलाच हवा. नाही जुळला तर बहुधा घसारा तीन गाड्यांऐवजी एकावर, किंवा ३० टक्क्यांनी काढलेला असतो.

विक्रेत्याच्या खात्यावर ७,६२,३०० वजा ३,९२,०००, म्हणजे ३,७०,३०० बाकी. इथे अनेकांना धक्का बसतो. दोन गाड्या गेल्या, तरी मूळ वेळापत्रकातल्या ३,६३,००० पेक्षाही जास्त देणं उरलं. कारण साधं आहे. न भरलेला हप्ता ३,९९,३०० चा होता आणि गाड्यांचे लागले ३,९२,०००. मधले ७,३०० तसेच राहिले. ३,६३,००० मध्ये ते मिळवा, ३,७०,३०० येतात. हा दुसरा ताळा.

सगळ्या तीन गाड्या नेल्या असत्या तर गणित वेगळं झालं असतं. तेव्हा अनेक उदाहरणांत विक्रेत्याचं पूर्ण देणं, ७,६२,३००, टेम्पो खात्यात वळवून दोन्ही खाती बंद करतात आणि ७,६८,००० मधले उरलेले ५,७०० तोट्यात टाकतात. ही पद्धत अंशतः परतीच्या प्रश्नाला लावली की सगळा हिशेब कोसळतो, कारण इथे विक्रेत्याचं खातं बंद होत नाही, चालू राहतं.

विक्रेत्याच्या वह्यांत याच रकमा उलट बाजूला. व्याज ६९,३०० खरेदीदाराच्या नावे. मग ‘परत घेतलेला माल’ असं स्वतंत्र खातं उघडून ते ३,९२,००० ने नावे, खरेदीदाराचे खाते जमा. हा माल नव्या टेम्पोंच्या साठ्यात मिसळू नका. तो वापरलेला आहे आणि त्याचा नफा-तोटा वेगळा दिसायला हवा. गाडी नावावर करून घ्यायला विक्रेत्याला आरटीओत फॉर्म ३६ भरावा लागतो.

समजा दोन्ही टेम्पोंच्या दुरुस्तीला २८,००० लागले. तेही याच खात्यात नावे, एकूण ४,२०,०००, एका टेम्पोला २,१०,०००. एक टेम्पो २,२५,००० ला विकला, तर त्यावर नफा १५,०००. दुसरा ३१ मार्चनंतरच्या वर्षअखेरीस पडून असेल तर तो २,१०,००० ला साठ्यात न्यायचा. मात्र बाजारात त्याचे १,९०,००० च येतील असं दिसत असेल तर १,९०,००० लाच धरायचा आणि २०,००० तोट्यात. पूर्ण ४,५०,००० मिळाल्यासारखं धरून दोन्हींचा नफा एकदम घेणं ही इथली नेहमीची घाई.

राहिलेल्या टेम्पोचं देणं नव्याने ठरेल. एका वर्षात एकरकमी फेडायचं ठरलं तर ३,७०,३०० वर दहा टक्के, ३७,०३० व्याज. ३१ मार्च २०२५ ला ४,०७,३३० द्यायचे. मूळ तक्त्यातले ३६,३०० तिसऱ्या वर्षासाठी उचलू नका, तो तक्ता हप्ता थकला त्या दिवशीच रद्द झाला. त्याच वर्षी टेम्पोवर घसारा २,५६,००० च्या २० टक्के, ५१,२००. पैसे पोचले की विक्रेत्याच्या सहीचा फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरची भाडे-खरेदीची नोंद काढून घ्यायची, आणि वहीत विक्रेत्याचं खातं शून्यावर आलं आहे का ते पाहायचं.