प्रगतीपुस्तकात ब-2 दिसलं की पुढं काय बघायचं

(सांगलीतल्या पालकसभेत केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार. निकालाच्या दिवशी आपण बहुतेक सगळे एकच करतो, प्रगतीपुस्तक उघडलं की बोट थेट श्रेणीच्या रकान्यावर. अ-1 असलं की पेढे, ब-2 दिसलं की आवाज चढतो. आणि शेजारी बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, ते कोणी वाचत नाही. सही करायची, परत द्यायचं.

आज एकच प्रगतीपुस्तक घेऊन बसू. उदाहरण म्हणून मीच तयार केलंय, पण असली शंभर तुमच्या घरात सापडतील. मुलगी चौथीत, गणितात ब-2. म्हणजे 61 ते 70 च्या मधे, हिला 64. बाबांच्या डोक्यात लगेच "गणित कच्चं". थांबा जरा. तिसरी-चौथीला या 100 चे दोन भाग असतात, आकारिकचे 60 आणि संकलितचे 40. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चाललेलं, तोंडी काम, कृती, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर, त्यात थोडं तोंडी-प्रात्यक्षिकही असतं पण मोठा वाटा लेखीचा. पुष्कळ प्रगतीपुस्तकांत ही फोड छापलेली नसते, नुसती श्रेणी असते, मग बाईंना विचारायचं, त्यांच्याकडे नोंद असतेच. या पोरीचे आकारिकला 48 आणि संकलितला 16. बघा आता, वर्गात 60 पैकी 48 आणि पेपरात 40 पैकी निम्मेसुद्धा नाहीत. हे गणित कच्चं असलेल्या पोरीचे मार्क नव्हेत, हिचं काहीतरी कागदावर अडतंय.

आता नोंदी वाचू. विशेष प्रगतीत लिहिलंय, "गुणाकाराची उदाहरणे अचूक सोडवते, तोंडी हिशोब पटकन सांगते." सुधारणा आवश्यकमधे, "शाब्दिक उदाहरणे मदतीने सोडवते." यातलं "मदतीने" फार कामाचं आहे, कारण त्याचा अर्थ जमत नाही असा नाही, कोणी शेजारी बसून विचारलं की जमतं असा आहे. (आणि "अभ्यासात सातत्य ठेवावे" असली नोंद असेल तर त्यावरून पोराला काही बोलू नका, ती वर्गातल्या कुठल्याही पोराला चिकटते. चाळीस-चाळीस पोरांचं लिहायचं म्हटल्यावर बाई तरी काय करणार.)

मग तपासलेला पेपर बघायचा. घरी दिला नसेल तर शाळेत जाऊन बघा, दाखवतात. त्यात असं एक उदाहरण आहे समजा: एका पेटीत 15 किलो बेदाणा, अशा 6 पेट्या टेम्पोत भरल्या, वाटेत 2 पेट्या उतरवल्या, तर टेम्पोत किती किलो बेदाणा राहिला? पोरीनं लिहिलंय 15 × 6 = 90, खाली रेघ, पुढच्या प्रश्नावर. गुणाकार एकदम बरोबर. अडलंय ते दुसऱ्या पायरीला, उतरवलेल्या पेट्या तिच्या हिशोबात आल्याच नाहीत. घरी पाढे घोकून घेत बसलात तर यातलं काहीही सुधारणार नाही, पाढे तिला येतातच.

आणि बोलायचं कसं? "पुढचं दिसलं नाही का तुला, डोळे कुठं होते?" हे आपल्या तोंडी पटकन येतं, पण त्यावर ती काय उत्तर देणार, मान खाली घालणार. त्याऐवजी आधी बाईंनी चांगलं लिहिलंय ते वाचून दाखवा, जसंच्या तसं. मग पेपर मधे ठेवा आणि म्हणा, "हे नव्वद कशाचे गं?" ती सांगेल, टेम्पोत भरलेल्या सगळ्या बेदाण्याचे. "बरं, मग पुढं टेम्पोचं काय झालं?" इथं गप्प बसायचं. खरंच गप्प, आपल्याला ते जमत नाही. थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणते, अगं हो, दोन उतरवल्या की, म्हणजे तीस गेले, साठ राहिले.

असं झालं तर कारण सापडलं. पण गोष्ट सांगूनही तिला पुढचं सुचलं नाही, किंवा उदाहरण वाचतानाच ती अडखळली, ओळी सोडून वाचू लागली, तर मामला गणिताचा नाही, वाचनाचा आहे. तेव्हा मराठीची नोंदही उघडा, तिथं वाचनाबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि दोन्ही नोंदी घेऊन बाईंना भेटा. भेटल्यावर "आमची कशी आहे?" असं विचारू नका, त्यावर "चांगली आहे, लक्ष द्या" एवढंच मिळतं. विचारा, "शाब्दिक उदाहरणात तुम्ही तिला नेमकी काय मदत करता?" बाई म्हणाल्या की मी फक्त उदाहरण मोठ्यानं वाचून दाखवते, तर घरी रोज एकच उदाहरण तिला मोठ्यानं वाचायला लावायचं आणि आकडेमोडीच्या आधी काय काय घडलं ते सांगायला लावायचं. पुढच्या सत्राला श्रेणी ब-2 च राहिली तरी चालेल, तुम्ही त्या "मदतीने"च्या जागी काय आलंय ते बघा.